डिझेल खरंच उडतं का? आपल्या जेटीवरच्या पंपाची डिप, मीटर आणि तूट



मागच्या सभेत पंपाच्या तुटीवरून जो आवाज झाला तो बऱ्याच जणांनी ऐकला. एका महिन्यात डिझेलच्या टाकीत २८१ लिटरची तूट. लिटरला ८८ रुपये धरले तरी पंचवीस हजारांच्या घरात जातं. ताळेबंदात ती रक्कम वर्षानुवर्षं ‘बाष्पीभवन’ या नावाखाली जात होती. एका ज्येष्ठ ट्रॉलरमालकांनी उभं राहून सरळ विचारलं, “डिझेल काय हवेत उडून जातं काय? का कुणाच्या कॅनमध्ये जातं?” सगळ्यांच्या माना पंपावरच्या मुलाकडे वळल्या. तो बिचारा मागच्या खुर्चीत बसला होता.

त्या दिवशी आम्ही पंप समितीने शब्द दिला होता की हिशेब लावून दाखवू. तो लावला. कसा लावला ते इथे सविस्तर लिहितो. सभेत वाचून दाखवलेला आकडा कानावरून जातो, आणि शिवाय उद्या समितीत तुमच्यापैकीच कुणीतरी बसणार आहे.

आधी टाकी समजून घेऊ. आपली डिझेलची टाकी २०,००० लिटरची, जमिनीत आडवी पुरलेली. आडवा ठेवलेला पिंप डोळ्यांसमोर आणा. व्यास दोन मीटर, लांबी सहा मीटरच्या थोडी वर. वरून डिप रॉड सोडायचा, तळाला टेकवायचा, वर काढून डिझेल कुठपर्यंत लागलंय ते बघायचं, आणि टाकीबरोबर मिळालेल्या चार्टमध्ये त्या सेंटिमीटरपुढे किती लिटर लिहिलेत ते वाचायचं. टाकी गोल असल्यामुळे प्रत्येक सेंटिमीटरचे लिटर सारखे नसतात. मध्यावर टाकी सर्वात रुंद, तिथे एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे १२७ लिटर. तळापासून २० सेंटिमीटरवर तेच जेमतेम ७६. म्हणून ‘एक सेंटिमीटर म्हणजे शंभर लिटर’ असा तोंडी हिशेब कुणी करत असेल तर तो तिथेच चुकला.

आता मध्यावरचा एक मिलिमीटर बघा. जवळजवळ १३ लिटर! रॉडवर ओला डाग कुठे संपतो हे पहाटेच्या अंधारात, बॅटरीच्या उजेडात वाचताना दोन मिलिमीटर इकडेतिकडे होणं अगदी साधं आहे. म्हणजे कुणीही चोरी न करता, काहीही न गळता, एका दिवसाच्या हिशेबात २५ लिटर कमी किंवा जास्त दिसू शकतात. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

रोजचा हिशेब साधा आहे. सकाळचा साठा घ्या, टँकर आला असेल तर मिळवा, मीटरने दाखवलेली विक्री वजा करा. चाचणीसाठी मापात काढून परत टाकीत ओतलेलं तेल मीटरवर चढतं पण विकलेलं नसतं, ते विक्रीतून कमी करा. जे उरतं तो वहीतला साठा. दुसऱ्या दिवशी सकाळी डिप काय म्हणते ते त्याच्याशी ताडून बघा.

त्या महिन्यातला एक दिवस घेऊ. सकाळी डिप ११२.४ सेंटिमीटर, चार्टप्रमाणे ११,५७५ लिटर. एक नंबर नोझलचं मीटर ४,१८,२३६.४० वरून ४,१९,३७७.९० वर गेलं, म्हणजे १,१४१.५० लिटर. दोन नंबरचं २,९७,०५४.१० वरून २,९७,९२१.६० वर, म्हणजे ८६७.५० लिटर. एकूण २,००९. दोन्ही नोझलची पाच-पाच लिटरची चाचणी परत ओतली, ते १० लिटर गेले. खरी विक्री १,९९९. टँकर त्या दिवशी नव्हता. तर वहीप्रमाणे उरायला हवेत ९,५७६ लिटर. दुसऱ्या सकाळी डिप आली ९६.५ सेंटिमीटर, चार्टवर ९,५५४.

तूट २२ लिटर. विक्रीच्या एक टक्क्याहून जास्त! कुणालाही वाटेल की काहीतरी भानगड आहे. पण २२ लिटर म्हणजे रॉडवरचे दोन मिलिमीटरसुद्धा नाहीत. या एका दिवसावरून कुणाला चोर ठरवता येत नाही आणि साव पण ठरवता येत नाही.

मग महिन्याचं कसं बघायचं? इथे एक सोय आहे, ती आम्हालाही हिशेब मांडताना कळली. आजची शेवटची डिप हीच उद्याची पहिली डिप असते. आज रॉड दोन मिलिमीटर कमी वाचला तर आज २५ लिटर तूट दिसेल, पण उद्या तीच चूक उलटी होऊन २५ लिटर वाढ दिसेल. रोजची बेरीज करत गेलं की मधल्या सगळ्या वाचनाच्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात. महिन्याच्या बेरजेत चूक उरते ती फक्त पहिल्या आणि शेवटच्या डिपची. म्हणून वहीत रोजच्या तुटीच्या शेजारी ‘आजपर्यंतची एकूण तूट’ असा एक रकाना हवा. आमच्या जुन्या वहीत तो नव्हता. रोजचा आकडा लिहायचा, बाष्पीभवन म्हणून सही करायची, पान उलटायचं.

वहीत आणखी एक चूक सापडली, ती आमचीच. डिप घेतली जायची सहा वाजता आणि मीटर वाचलं जायचं आठ वाजता, हिशेबनीस आल्यावर. मधल्या दोन तासांत पाती भरून जायच्या. सहाच्या डिपमध्ये जे तेल अजून टाकीत होतं ते आठच्या मीटरप्रमाणे विकलं गेलेलं! त्यामुळे काही दिवस टाकीत दीडशे लिटर जास्त दिसायचे, आणि पुढच्या दिवशी घाऊक तूट. आता डिप आणि मीटर एकाच वेळी, पहाटे साडेचारला, पहिली होडी लागायच्या आधी. माणूस तोच, रॉड तोच, भोक तेच. रॉड हळू सोडायचा, तिरका जाऊ द्यायचा नाही, आणि दोन वेळा वाचन सारखं आल्याशिवाय वहीत लिहायचं नाही. टँकर रिकामा केल्यावर किमान अर्धा तास थांबायचं, कारण तोवर आत तेल हिंदकळत असतं.

आता बाष्पीभवनाकडे येऊ, सभेतला वाद तिथूनच सुरू झाला होता.

पेट्रोल उडतं हे खरं. टाकीतल्या रिकाम्या जागेत पेट्रोलची वाफ भरलेली असते. वरून हजार लिटर पेट्रोल ओतलं की हजार लिटर वाफ व्हेंट पाइपमधून बाहेर ढकलली जाते. त्या वाफेत साधारण दीड-दोन लिटर पेट्रोल गेलेलं असतं. भरण्याचा पाइप टाकीच्या तळाजवळ बुडलेला असेल तर कमी, वरून धबधब्यासारखं पडत असेल तर जास्त. आऊटबोर्डवाल्यांसाठी आपण महिन्याला १२,००० लिटरच्या आसपास पेट्रोल उतरवतो, तेव्हा नुसत्या भरण्यात वीस-बावीस लिटर जाणं समजण्यासारखं आहे. पण तुमच्या टाकीत नोझल घातल्यावर जो वास नाकात जातो, ते पेट्रोल मीटरच्या पुढे गेलेलं आहे. ते तुमच्या खिशातून उडतं, पंपाच्या तुटीत येत नाही.

डिझेलची गोष्ट वेगळी. डिझेलची वाफ इतकी कमी बनते की हजार लिटर भरताना पाचेक मिलिलिटर गेलं तर गेलं. त्या महिन्यात आपण चार टँकर, म्हणजे ४८,००० लिटर डिझेल उतरवलं. त्यावर बाष्पीभवन किती? पाव लिटर. मंडळी, महिन्याला पाव लिटर! आणि आम्ही त्या नावाखाली २८१ लिटर लिहीत होतो. विचारणाऱ्या काकांचा पहिला प्रश्न बरोबरच होता.

मग तेल गेलं कुठे? आम्ही तूट कधी पडते ते बघितलं. टाकी किंवा तिचं भूमिगत जोडकाम गळत असेल तर विक्री होवो न होवो, रोज ठरावीक कमी होणार. मीटर जास्त देत असेल तर विक्रीच्या प्रमाणात कमी होणार, ज्या दिवशी विक्री नाही त्या दिवशी काहीच नाही. आणि टँकरमध्येच कमी येत असेल तर ते फक्त टँकरच्या दिवशी दिसणार. तिन्हींचा बाज वेगळा आहे.

पहिला निकाल दर्याने दिला. त्या महिन्यात वाऱ्याचा इशारा आला होता आणि चार दिवस एकही बोट बाहेर पडली नाही. पंप बंद. चारही सकाळी डिप जागची हलली नव्हती. रोज दहा लिटर गळत असते तर चार दिवसांत ४० लिटर, म्हणजे तीन मिलिमीटर खाली गेले असते, ते दिसलं असतं. रोज दोन लिटरची गळती मात्र चार दिवसांत दिसत नाही, हे पण लक्षात ठेवा. आणि ज्या पंपांना टाकीत बुडलेली मोटर असते तिथे पाइपमधलं तेल मोटर चालू असतानाच दाबाखाली असतं. तिथे पाइप फुटला तर तो बंद दिवशी गळणार नाही, विक्रीच्या दिवशी गळेल, आणि तूट हुबेहूब मीटरच्या चुकीसारखी दिसेल. म्हणून आम्ही दोन्ही डिस्पेन्सरची खालची झाकणं काढून आतले खड्डे बघितले. कोरडे होते.

मग पाच लिटरचं शिक्क्याचं माप काढलं. माप आधी डिझेलने ओलं करून निथळवायचं, सपाट जागी ठेवायचं, मीटरवर बरोबर ५.०० भरायचं आणि मानेवरच्या काचेत रेष बघायची. कायद्याने पाच लिटरमागे २५ मिलिलिटर कमी किंवा जास्त चालतं. एक नंबर नोझल २० मिलिलिटर जास्त देत होतं, दोन नंबर ५ मिलिलिटर. दोन्ही कायद्यात बसतात, म्हणून चाचणीच्या रजिस्टरवर रोज ‘ठीक’ अशी सही होत होती. खोटी नव्हती ती सही. पण पाच लिटरमागे २० मिलिलिटर म्हणजे ०.४ टक्के. एक नंबरवरून महिन्यात २९,००० लिटर गेले, कारण ट्रॉलर त्याच बाजूला लागतात. त्याचे झाले ११६ लिटर. दोन नंबरवरून १९,६०० लिटर, त्याचे सुमारे २०. म्हणजे १३६ लिटर डिझेल तुमच्याच बोटींच्या टाक्यांत, बिल न लागता, थेंबाथेंबाने गेलं. चोर शोधायला निघालो आणि माल आपल्याच घरात निघाला म्हणा ना!

राहिले १४५. आता टँकर. तेल गरम झालं की फुगतं, थंड झालं की आक्रसतं. डिझेल एका अंशामागे हजार लिटरला सुमारे ०.८३ लिटर. चलनावर जे लिटर लिहिलेले असतात ते टँकर भरताना जेवढं तेल गरम होतं तेव्हाचे. आपली टाकी जमिनीत, दिवसभर थंड. आम्ही टँकरच्या तेलात आणि टाकीतल्या तेलात थर्मामीटर बुडवून बघितला तर तीन अंशांचा फरक. १२,००० लिटरच्या टँकरला ३० लिटर, चार टँकरला १२०. हे तेल कुणी नेलेलं नाही, त्याचं वजन तेवढंच आहे. पण आपण लिटरने विकत घेतो आणि लिटरनेच विकतो, त्यामुळे हा तोटा खराच.

यात एक अडचण आहे, ती सांगायला हवी. एका टँकरचे ३० लिटर म्हणजे रॉडवर जेमतेम अडीच मिलिमीटर. एकट्या टँकरवर ते सिद्ध करता येत नाहीत. चार-सहा टँकरची बेरीज सतत एकाच बाजूला झुकली तरच अर्थ. कधी एखाद्या टँकरमध्ये शंभरावर कमी दिसलं तर मात्र ती तापमानाची गोष्ट नाही, आणि तिथल्या तिथे बोलायचं. त्यासाठी सील तपासणं आणि टँकरच्या प्रत्येक कप्प्याची डिप उतरवण्याआधीच घेणं भाग आहे. रिकाम्या टँकरशी भांडून काही मिळत नाही.

एकूण १३६ आणि १२०, झाले २५६. उरले २५ लिटर, म्हणजे रॉडचे दोन मिलिमीटर. एवढ्याची वाचनातच चूक होते. त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

पाण्याबद्दल एक अनुभव इथेच सांगतो, कारण तो उलटा आहे. एका वर्षी मासेमारी बंदीत, १ जूनला ४० सेंटिमीटर डिप लिहून पंप बंद केला. ३१ जुलैला उघडून बघतो तर ६ मिलिमीटर वाढलेली! टँकर आलेला नाही, विक्री नाही, आणि तेल वाढलं. पाणी ओळखायची पेस्ट रॉडच्या टोकाला लावून सोडली तर खालचे ३ सेंटिमीटर लाल. चार्टवर तळाचे ३ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ६२ लिटर, आणि ४० सेंटिमीटरच्या पातळीला ६ मिलिमीटर म्हणजे ६१ लिटर. जुळलं. डिझेल तेवढंच होतं, त्याच्या खाली पावसाचं पाणी येऊन बसलं होतं. मॅनहोलचं गॅसकेट गेलेलं होतं. ते पाणी काढलं नसतं तर पहिल्याच फेरीला कुणाच्या तरी इंजिनात गेलं असतं. पण हिशेबाच्या दृष्टीने यातली खोच अशी की पाण्याची डिप वजा केली नाही तर पाणी तूट झाकतं. टाकीतून ६० लिटर कुणी काढले आणि ६० लिटर पाणी आत आलं, तर रॉड म्हणेल सगळं ठीक आहे. जेटीजवळची जमीन पावसात पाण्याने तुडुंब असते, तेव्हा टाकीला भोक असलं तर तेल बाहेर जायच्या ऐवजी पाणीच आत येतं. त्यामुळे पावसाळ्यात वाढलेल्या डिपवर खूश व्हायचं नाही.

बंदीचे ६१ दिवस ही गळती बघायची वर्षातली सर्वात चांगली वेळ. दोन मिलिमीटरची चूक ६१ दिवसांवर वाटली की रोजची पाव-अर्धा लिटरची गळतीही लपत नाही. म्हणून आता बंदीत दर रविवारी डिप आणि पाणी, दोन्ही लिहिलं जातं.

एक नंबर नोझलचं मीटर आपण स्वतः फिरवू शकत नाही, त्याला सील असतं. कंपनीचा मेकॅनिक आणि वजन-माप खात्याचे निरीक्षक दोघांना बोलावून ते जुळवून घेतलं आणि नवीन शिक्का मारून घेतला. आता ते पाच लिटरमागे ३ मिलिलिटर जास्त देतं. मुद्दाम कमी बाजूला नेलं नाही, त्यात भागणारे सभासदच असतात. पुढच्या महिन्यात विक्री ५१,००० लिटर झाली, पुन्हा चार टँकर आले, आणि तूट आली १४८. दोन्ही नोझलचे मिळून चाळीसेक लिटर आणि टँकरचे १२० धरून आम्ही १६० मोजले होते. बारा लिटरचा फरक, म्हणजे रॉडचा एक मिलिमीटर.

पंपावरच्या मुलाला समितीने बोलावून झाल्या गोष्टीबद्दल माफी मागितली. ज्येष्ठ काकाही आले होते. मुलगा काही बोलला नाही, फक्त म्हणाला, वहीत तो नवीन रकाना मीच भरणार. तोच भरतो आता. वही पंपाच्या केबिनमध्ये टेबलावर असते, डिप पहाटे साडेचारला. ज्यांना रॉड स्वतः वाचून बघायचा असेल त्यांनी बॅटरी घेऊन यावं, आणि विडी-सिगारेट होडीवरच ठेवून यावी.

– पंप समिती